आधी माणसं मोजा, मग जागा ठरवा

"ताई, तुझं लग्न पंचवीस माणसांत झालं. मला अगदी तसंच हवंय."

"माझं पंचवीस माणसांत झालं म्हणूनच तुझं तसं होऊ देणार नाही मी."

माझ्या दोन भाच्यांचा हा वाद साताऱ्याच्या घरात, दिवाळीच्या फराळाच्या ताटावर सुरू झाला आणि तुळशीचं लग्न लागलं तरी संपला नव्हता. लग्न धाकटीचं, मुहूर्त माघातला. थोरलीला शहरातला मोठा एसी हॉल हवा होता, धाकटीला घराचं अंगण. मी दोघींची मावशी, त्यामुळे दोघींचेही फोन मलाच. त्या तीन आठवड्यांत मी जे ऐकलं, मोजलं आणि कागदावर मांडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असा वाद आज बऱ्याच घरांत चालू असणार आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो.

आमच्याकडे तो जागेवरून सुरू झाला. पण दोघींच्या मनात जागा नव्हतीच. थोरलीचं लग्न मे 2021 मधलं. तेव्हा राज्यात लग्नाला जास्तीत जास्त 25 माणसं, एकच हॉल आणि दोन तासांची मर्यादा होती, आणि नियम मोडला तर 50,000 रुपये दंड. भटजी, फोटोवाला धरून पंचवीस. त्या दिवशी धाकटीने अंतरपाटाशेजारी उभं राहून मंगलाष्टकांचा शब्द न् शब्द ऐकला, सप्तपदीची सातही पावलं पाहिली, आणि तिला वाटलं की लग्न असंच असावं. थोरलीला त्याच दिवसातलं दुसरंच आठवतं. वडिलांचे एसटीतले जुने सोबती गल्लीच्या तोंडाशी, मास्क लावून, लांबूनच हात हलवून गेले होते. ज्यांच्या मांडीवर ती वाढली त्या आजूबाजूच्या बायकांपैकी एकही तिच्या अक्षतांना नव्हती. एकाच दिवसाच्या दोन आठवणी, आणि दोन्ही खऱ्या.

हे कळायला मला एक आठवडा लागला. तुमच्या घरात असा वाद असेल तर हॉलचे दर विचारण्याआधी दोघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारा: या लग्नात कोण नसलं तर तुला वाईट वाटेल? थोरलीने दहा मिनिटांत चौदा नावं सांगितली. त्यातली अकरा वडिलांच्या सोबत्यांची आणि शेजारणींची होती. हॉल, स्टेज, लाइटिंग यांचा तिने उल्लेखही केला नाही. धाकटीने नावं सांगितलीच नाहीत. ती म्हणाली, "मावशी, मला विधी चालू असताना लोकांनी जेवायच्या रांगेत नसावं, एवढंच."

मग आम्ही यादी केली, आणि ती करण्याची पद्धत महत्त्वाची आहे. घरात सगळे एकत्र बसून यादी करायला लागले की यादी फुगते, कारण समोर बसलेल्या माणसाने घेतलेलं नाव कोणी कापत नाही. म्हणून आई, वडील, दोघी बहिणी अशा चौघांनी चार वेगळ्या कागदांवर लिहायचं ठरलं. नियम एकच होता: घराचं नाव लिहायचं नाही, माणसांची नावं लिहायची. 'वाईचे काका' ही नोंद वाचताना एक माणूस वाटते; पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलं की तीच नोंद सात ताटांची होते. आमच्या पहिल्या कच्च्या यादीत 112 नोंदी होत्या. माणसं मोजली तेव्हा त्या 390 झाल्या. थोरली हॉलसाठी 400 म्हणत होती ते हवेतून नव्हतं.

चारही कागद शेजारी ठेवले. तीन किंवा चार कागदांवर असलेली नावं वेगळ्या रंगाने खुणावली. नवऱ्यामुलाकडून नाशिकहून पस्तीस माणसं यायची होती, ती धरून हा आकडा 80 झाला. बाकीची बहुतेक नावं एकाच कागदावर होती, आणि तो कागद वडिलांचा होता. वादात तोवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. भाऊजी मितभाषी माणूस. ते म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांच्या लग्नाला जाऊन जेवलो. त्यांना एकदाही माझ्याकडे बोलावता आलं नाही." थोरली त्यांच्याच वतीने भांडत होती, आणि ते तिलाही तोवर नीट सांगता आलं नव्हतं.

आता जागांकडे वळू. आधी हॉल. हॉलवाले भाडं सांगतात, पण करार वाचल्याशिवाय हॉलची किंमत कळत नाही. आम्हाला मिळालेला भाव असा: चोवीस तासांचं भाडं 1,20,000, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 21,600. जेवण हॉलच्याच केटररचं, सगळं धरून ताटाला 450 रुपये, किमान 400 ताटांची हमी, म्हणजे 1,80,000. सजावटही त्यांच्याच माणसाकडून घ्यायची, ती 60,000. वीज, जनरेटर आणि साफसफाईचे अंदाजे 25,000. एकूण 4,06,600.

यातला सगळ्यात महाग शब्द 'हमी' आहे. चारशेची हमी दिली आणि तीनशे दहा माणसं आली, तरी पैसे चारशे ताटांचे द्यावे लागतात. नव्वद ताटांचे 40,500 रुपये कोणाच्याही पोटात न जाता संपतात. उलट चारशे वीस आली तर वरच्या वीस ताटांना वेगळा, चढा दर लागू शकतो. म्हणून हमीचा आकडा यादीपेक्षा बराच खाली ठेवा आणि वरच्या ताटांचा दर तोच राहील असं करारात लिहून घ्या. हॉलवाले बहुतेकदा याला तयार होतात, पण ते पैसे भरण्याआधी. आगाऊ रक्कम दिल्यावर कोणी ऐकत नाही. शेवटचा आकडा किती दिवस आधी कळवायचा तेही लिहून घ्या.

दुसरी गोष्ट तासांची. 'एक दिवस' म्हणजे आदल्या संध्याकाळी सहा ते दुसऱ्या संध्याकाळी सहा, की सकाळी सात ते दुपारी चार? सीमंतपूजन आदल्या रात्री असेल तर दुसऱ्या प्रकारच्या करारात ते बसत नाही आणि त्याचं भाडं वेगळं लागतं. तिसरी गोष्ट होमाची. बऱ्याच एसी हॉलमध्ये मुख्य दालनात होम पेटवू देत नाहीत; बाजूची एखादी लहान खोली दाखवतात. म्हणजे लाजाहोम आणि सप्तपदी एका खोलीत आठ-दहा माणसांसमोर होतात आणि चारशे माणसं तोवर जेवायला गेलेली असतात. धाकटीची भीती नेमकी हीच होती आणि हॉल पाहायला गेलो तेव्हा ती खरी ठरली. होम कुठे करतात हे जागेवर उभं राहून विचारा, फोनवर विचारू नका.

मग अंगण. घरच्या लग्नाचं बोलणं फार गोड असतं, म्हणून मी फुटपट्टी घेऊन गेले. अंगण 30 फूट बाय 22 फूट, म्हणजे 660 चौरस फूट. बोहलं आणि होमाला 80 चौरस फूट लागतात. येण्याजाण्याची वाट आणि भटजींच्या सामानाला शंभर. उरले 480. पाय ठेवायच्या जागेसह एका खुर्चीला साधारण आठ चौरस फूट धरले तर साठ खुर्च्या बसतात. ओट्यावर सतरंजी टाकून आणखी वीस माणसं. म्हणजे ऐंशी, आणि ऐंशीच्या पुढे एकही नाही. धाकटीला हे ऐकून आनंद झाला. मी तिला सांगितलं की यादी नव्वदवर गेली तर तुझं अंगण त्याच क्षणी हरेल.

जेवण त्याच जागेत, खुर्च्या उचलून. पंगतीला माणशी दोन फूट रुंदी लागते. समोरासमोरच्या दोन रांगा आणि मधली वाढायची वाट मिळून दहा फूट खोली. बावीस फुटांत अशा दोन जोड्या मावतात, म्हणजे चार रांगा. टोकांना वाट सोडून रांगेत बारा माणसं, म्हणजे एका पंगतीला अठ्ठेचाळीस. ऐंशी माणसांच्या दोन पंगती होतात आणि मध्ये पाऊण तास जातो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ओट्यावर टेबल-खुर्ची लावली. हे गणित तुमच्या घरात मांडल्याशिवाय 'घरीच करू' असं कोणाला सांगू नका. फ्लॅटच्या 18 बाय 12 फुटी हॉलमध्ये होमाची जागा सोडली तर सतरंजीवर पंचवीसच्या आसपास माणसं मावतात. सोसायटीच्या गच्चीवर करायचं तर समितीची लेखी परवानगी लागते, आणि लिफ्ट बंद पडली तर आजी-आजोबा कसे चढतील हेही आधीच बघावं लागतं.

खर्चाचा कागद घराचाही केला. मांडव, खुर्च्या, दिवे 48,000. आदल्या रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि लग्नाचं जेवण मिळून आचारी आणि शिधा 46,000. नाशिकच्या वऱ्हाडासाठी लॉजच्या आठ खोल्या, प्रत्येकी 1,800 प्रमाणे 14,400. भाड्याची दोन फिरती शौचालयं 9,000. वाढपी आणि भांडी घासायला चार माणसं, 6,000. एकूण 1,23,400. आता याला ऐंशीने भागा: माणशी सुमारे 1,540 रुपये. हॉलचा खर्च चारशेने भागला तर माणशी सुमारे 1,016. घरचं लग्न माणशी महागच पडतं. एकूण रक्कम कमी होते ती फक्त माणसं कमी असतात म्हणून. हा आकडा पाहून दोघीही गप्प झाल्या, कारण 'घरी स्वस्त पडतं' हे धाकटीचं आणि 'घरी काय लागतं' हे थोरलीचं, अशी दोन्ही वाक्यं एकदमच खोटी ठरली.

थोरलीचा एक मुद्दा मात्र कोणत्याच कागदावर मावला नाही, आणि तो सगळ्यात खरा होता. "हॉलमध्ये आई पैठणी नेसून बसेल. घरी ती कन्यादानाच्या वेळी स्वयंपाकघरात गॅसजवळ उभी असेल." घरच्या लग्नाचा साधेपणा बऱ्याचदा घरातल्या बायकांच्या कष्टांवर उभा असतो, हे मी आमच्या पिढीत पुष्कळदा पाहिलं आहे. म्हणून आम्ही एक गोष्ट लिहून भिंतीवर लावली: लग्नाच्या दिवशी आई, थोरली, मी आणि दोन्ही आत्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाहीत. चहासुद्धा आचाऱ्याचा माणूस करेल. शिध्याची खोली, पाणी, वीज आणि पाहुण्यांच्या गाड्या यासाठी एका मावसभावाला नेमलं आणि त्याचाच नंबर सगळ्यांना दिला. त्याने विधीला बसायचं नाही हे आधीच ठरलं होतं. असा एक माणूस घरात मिळत नसेल तर हॉल घ्या. मी हे मनापासून सांगते आहे.

घरी लग्न करताना जिथे हमखास घसरतं ती ठिकाणं मला तीन वाटतात. पहिलं पाणी. नळाला पाणी येतं त्या वेळेत टाकी भरते आणि आदल्या रात्रीच्या पाहुण्यांत ती संपते. आमची टाकी हजार लिटरची होती. आम्ही लग्नाच्या पहाटे टँकर सांगून ठेवला आणि तो लागला. प्यायचं पाणी वीस लिटरच्या जारमधून वेगळं, माणशी दोन लिटर धरून आठ जार. दुसरं वीज. घरगुती जोडणीवर गीझर, मिक्सर, हॅलोजन आणि स्पीकर एकदम चालू झाले की मुख्य बटण पडतं, आणि ते नेमकं मंगलाष्टकांत पडतं. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, नाहीतर मांडववाल्याचा जनरेटर घ्या. मांडवाची वीज घराच्या मीटरवर टाकू नका. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, तेव्हा हळदीची गाणी त्याआधी आटपा. तिसरं आग. होमकुंडाखाली विटा आणि वाळू ठेवा, मांडवाचं झालरीचं कापड होमाच्या बरोबर वर येऊ देऊ नका, आणि पाण्याची बादली नवरीच्या मामाच्या हाताशी ठेवा. आचाऱ्याची शेगडी मांडवापासून दूर, घराच्या मागे. त्याला 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणायला सांगा, घरातला 14.2 किलोचा त्याला देणं नियमात बसत नाही. मांडवाचा खांब रस्त्यावर येत असेल तर नगरपालिकेची परवानगी आधी काढा.

नवऱ्यामुलाच्या आईने एक शंका विचारली होती, ती बऱ्याच जणांना असते: हॉलची पावती नाही तर लग्नाची नोंद होईल का? होते. हिंदू विवाह कायदा, 1955 विधींबद्दल बोलतो, जागेबद्दल नाही. सप्तपदी ज्या विधीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. महाराष्ट्रात लग्नानंतर 90 दिवसांच्या आत नोंदणी करावी, त्यानंतर केली तर विलंबाचं शुल्क भरावं लागतं. तीन साक्षीदार लागतात, आणि अर्जावर लग्न लावणाऱ्या भटजींची सहीही लागते. घरच्या लग्नात लोक नेमकी तीच विसरतात, कारण दक्षिणा देऊन भटजी पुढच्या मुहूर्ताला निघून जातात. अर्ज आधी आणून ठेवा आणि सही मांडवातच घ्या. विधींचा आणि सगळ्या कुटुंबाचा एक एक स्वच्छ फोटो आणि एक पत्रिका अर्जाबरोबर लावायला बाजूला काढा.

आता वडिलांच्या माणसांचं काय? इथे बहुतेक घरं एक चूक करतात: घरी लग्न आणि हॉलमध्ये रिसेप्शन. रिसेप्शन म्हटलं की स्टेज येतं, स्टेज आलं की सजावट, मग दुसरी साडी, दुसरा मेकअप, दुसरा फोटोवाला, आणि दोन लग्नांचा खर्च होतो. आम्ही त्याला रिसेप्शन म्हटलंच नाही. लग्नाच्याच संध्याकाळी गल्लीजवळच्या समाजमंदिरात 'जेवणाचं निमंत्रण' ठेवलं. भाडं 5,000. वरण-भात, मटकीची उसळ, पुरी, जिलेबी, मठ्ठा. ताट 220 रुपयांचं, 160 माणसं, म्हणजे 35,200. दोन्ही मिळून एकूण खर्च 1,63,600 झाला. पत्रिका दोन छापल्या. संध्याकाळच्या पत्रिकेवर विधीची वेळ घातली नाही, आणि भाऊजींनी ती प्रत्येक घरी स्वतः जाऊन दिली. ज्यांना फक्त जेवायला बोलावतो त्यांना ते तोंडाने आणि आदराने सांगितलं तर वाईट वाटत नाही. दुसऱ्याच्या हातातली पत्रिका पाहून कळलं तर वाटतं.

थोरलीला हे पहिल्यांदा पटलं नाही. समाजमंदिराच्या भिंतींचा रंग उडाला होता, एसी नव्हता. "बाबांच्या लोकांना असं पत्र्याच्या छपराखाली बसवायचं?" असं ती म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. मी तिला समजावत बसले नाही. तिला घेऊन समाजमंदिरात गेले आणि तिच्या चौदा नावांची यादी तिच्या हातात दिली. कोणाला कुठे बसवायचं ते तिने ठरवायचं होतं. तिने खिडकीजवळची बाजू वयस्कर माणसांसाठी ठेवली, बाकांना चादरी घातल्या, आणि मग हळूहळू तिचा आवाज नेहमीसारखा झाला.

लग्न बारा वाजून काही मिनिटांनी अंगणात लागलं. सप्तपदीला ऐंशीच्या ऐंशी माणसं जागेवर होती. संध्याकाळी समाजमंदिरात तीन पंगती उठल्या. थोरली जिलेबीचं ताट घेऊन वाढत होती. खिडकीजवळच्या रांगेत भाऊजींचे एक जुने सोबती बायकोसह जेवायला बसले होते, मे 2021 मध्ये गल्लीच्या तोंडाशी उभे होते तेच. जेवण झाल्यावर त्यांच्या बायकोने पिशवीतून आहेराची दोन पाकिटं काढली. एकावर धाकटीचं नाव होतं. दुसरं त्यांनी थोरलीच्या हातात ठेवलं आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं.